कॉर पल्मोनेल : फुप्फुसापायी थकलेलं हृदय

प्रश्न : बाबांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सीओपीडी विथ कॉर पल्मोनेल’ असं लिहिलं आहे. गावात सगळे म्हणतात त्यांना दमा आहे. डॉक्टर म्हणाले, उजवं हृदय फेल होत आहे. मग हा दमा की हृदयविकार? आणि या शब्दाला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : शब्द लॅटिन आहे. ‘कॉर’ म्हणजे हृदय, ‘पल्मोनेल’ म्हणजे फुप्फुसाचं. नुसता शब्दार्थ घेतला तर ‘फुप्फुसाचं हृदय’ एवढंच हाती येतं, त्यात रोगाचा उल्लेखही नाही. वैद्यकात मात्र त्याचा अर्थ बांधलेला आहे. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यामुळे हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो, तो जाड होतो, फुगतो आणि पुढे थकतो, त्याला हे नाव. जागतिक आरोग्य संघटनेने १९६३ साली केलेल्या व्याख्येत एक अट घातली होती : हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजाराने किंवा जन्मजात दोषाने फुप्फुसं बिघडली असतील, तर तिथे हा शब्द वापरायचा नाही. म्हणजे या शब्दाचं सगळं मर्म क्रमात आहे. आधी फुप्फुस, मग हृदय.

हा क्रम मला पुस्तकातून नाही, मोठ्या आईमुळे कळला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तिने चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. पऱ्हाटी, तुराट्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. बिडीला तिने कधी हात लावला नाही, तरी दर हिवाळ्यात खोकला, बेडका आणि धाप. लोक त्याला दमा म्हणत. आपल्याकडे कुठल्याही धापेला दमाच म्हणतात, पण दमा येतो आणि बराचसा ओसरतो. हिची धाप कधी पुरती गेलीच नाही, वर्षागणिक वाढत गेली. सीओपीडी म्हणजे हेच : श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या आणि हवेच्या नाजूक पिशव्या विरलेल्या.

एका दिवाळीत शेजारीण म्हणाली, “मोठी आई, आता कशा अंगानं भरल्या तुमी!” आम्हालाही बरं वाटलं. महिनाभरात जोडवी बोटात रुतली आणि सोनाराकडून कापून काढावी लागली. घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. जेवताना उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून ती अर्ध्या भाकरीवर उठायची. अंगावर चढलं होतं ते मांस नव्हतं, पाणी होतं. रक्त पुढे ढकललं जात नव्हतं, म्हणून ते पायांत आणि यकृतात तुंबत होतं. मानेची शीर ती बसलेली असतानाही फुगलेली दिसायची.

हे होतं कसं, ते आपल्या शेतातल्या पाण्यावरून चटकन समजेल. ज्या वाफ्यात पाणी नेऊन उपयोग नाही, त्याचं तोंड आपण मातीने बंद करतो आणि पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवतो. फुप्फुसही तेच करतं. जिथे हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हवेशीर भागाकडे जातं. दोन-चार वाफे बंद असतील तर ही युक्ती उत्तम चालते. पण धुराने सगळं फुप्फुसच बिघडलं की प्राणवायू सगळीकडेच कमी पडतो आणि सगळ्याच वाफ्यांची तोंडं आवळली जातात. त्यात विरलेल्या पिशव्यांबरोबर बारीक रक्तवाहिन्याही नष्ट झालेल्या असतात. मोटर मात्र तेवढंच पाणी त्याच पाटात ढकलत राहते.

ती मोटर म्हणजे उजवा कप्पा. हृदयात शेजारी-शेजारी दोन पंप असतात. डावा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, तो जाड भिंतीचा. उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसात रक्त पाठवायचं असतं. तिथला सरासरी दाब एरवी २० च्या आत असतो, म्हणून त्याची भिंत पातळ. दंडावर मोजतो तो १२०/८० चा दाब डाव्या बाजूचा. म्हणूनच मोठ्या आईचं ‘बीपी’ नेहमी ठीक भरायचं आणि सगळे निश्चिंत राहायचे.

सुरुवातीला एका दवाखान्यात तिला फक्त लघवीची गोळी मिळाली. सूज उतरली, चक्कर येऊ लागली, धाप तशीच राहिली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. शांत बसलेली असताना प्राणवायू ८४. ईसीजीत उजव्या बाजूचा ताण दिसला. टू-डी इकोत उजवा कप्पा फुगलेला आणि फुप्फुसातला दाब वाढलेला, डावा कप्पा मात्र चांगला. लघवी आणि रक्ताच्या तपासण्याही केल्या, कारण पाय मूत्रपिंडाने, यकृताने, काही बीपीच्या गोळ्यांनीही सुजतात. फुगलेल्या फुप्फुसाआड इको कधी कधी नीट दिसत नाही. म्हणून नुसत्या एका रिपोर्टवर विसंबत नाहीत.

उपचारातही तोच क्रम. हृदयाला ताकद देणारी खास गोळी इथे नाही. मुख्य औषध प्राणवायू, कारण तो मिळाला की आकसलेल्या रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात. आजार स्थिर असतानाही प्राणवायू ८८ किंवा त्याखाली राहत असेल, तर घरी ऑक्सिजन देतात. कॉर पल्मोनेल असेल तर ८९ लाही. तो दिवसाला निदान १५ तास लागतो, रात्रीची झोप धरून. १९८० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत असा दीर्घकाळ ऑक्सिजन घेणारे रुग्ण जास्त जगले. धाप लागली की दहा मिनिटं नळी लावायची, याने काही साधत नाही. आम्हीही पहिले दोन महिने हेच केलं, याचं आजही वाईट वाटतं. उलट जास्त सोडणंही घातक. या रुग्णांत कर्बवायू साठतो, सकाळी डोकं दुखतं, माणूस गुंगीत जातो. म्हणून आकडा ८८ ते ९२ मध्ये ठेवायचा. मोठ्या आईला मिनिटाला दीड लिटर पुरायचा. यंत्र चालू असताना जवळ चूल किंवा बिडी नको, आग भडकते.

त्याबरोबर इनहेलर, धूर बंद, मीठ कमी, आणि लघवीची गोळी जपून. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्यांबद्दल लोक विचारतात. सीओपीडीत त्या सरसकट देत नाहीत, कारण त्या बंद केलेल्या वाफ्यांचीही तोंडं उघडतात आणि रक्त प्राणवायू न घेताच पुढे जातं.

आता मराठी शब्द. नुसतं ‘हृदयविकार’ म्हटलं की घरचे अँजिओग्राफी कधी करायची विचारतात आणि इनहेलर कोनाड्यात पडून राहतो. लेखनात ‘फुप्फुसजन्य हृदयविकार’ चालेल, त्यातला ‘जन्य’ क्रम सांभाळतो. बोलताना मला आपला ‘पायी’ जास्त आवडतो. ‘दारूपायी शेत गेलं’ म्हणतो तसं ‘फुप्फुसापायी उजवं हृदय थकलं’. कारण आणि परिणाम एका दमात कळतात.

‘फेल’ शब्द मात्र बाबांसमोर वापरू नका. मराठीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांना म्हणायचं असतं, पंप कमी पडतोय. ‘थकलं’ म्हटलं की तेवढंच कळतं, आणि थकलेल्याचा भार कमी करता येतो हेही त्यातच येतं.