नजर चांगली असतानाचे लेसर

“मॅडम, मला सगळं नीट दिसतं. मग डोळ्यात सुई आणि वर लेसर कशाला? आहे ती नजरही गेली तर?”

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर दोष आढळून डॉक्टरांनी समजावणीसाठी माझ्याकडे पाठवलेल्या बहुतेकांच्या बोलण्याचा क्रम हाच असतो. पहिली दोन वाक्ये युक्तिवादाची असतात आणि शेवटचे भीतीचे. म्हणून शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करावी, असे माझे अनुभवाअंती बनलेले मत आहे.

शिंपीकाम करणारे पन्नाशीतले एक काका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) युक्तिवादात पक्के होते. त्यांनी सदऱ्याच्या कॉलरला टोचलेली सुई काढली आणि चष्मा न सावरता माझ्यासमोर तिच्यात दोरा ओवून दाखवला. “आता बोला,” असे ते म्हणाले.

मी त्यांच्या पडद्याचा फोटो पुढे ठेवला. सुईचे नेढे आणि तक्त्यावरची अक्षरे पडद्याच्या अगदी मधल्या, लहानशा भागाने दिसतात. तो भाग त्यांचा अजून बराचसा शाबूत होता. आजार त्याच्या बाहेर पसरला होता. वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या साखरेने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या. रक्त न मिळणारा पडदा नव्या वाहिन्या वाढवणारे रसायन सोडतो, पण त्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की त्या आपोआप फुटून डोळ्यात रक्त उतरू शकते किंवा पुढे त्यांच्या जाळ्याच्या ओढीने पडदा सुटू शकतो. हे सारे दुखत नाही आणि रक्त उतरेपर्यंत बहुधा जाणवतही नाही.

काकांनी मान डोलावली, पण ठरल्या दिवशी ते उपचाराला आले नाहीत. पुढच्या भेटीत मी फोटो उघडलाच नाही. “लेसरचं नाव काढलं की तुम्हाला कोण आठवतं?” एवढेच विचारले.

“थोरला भाऊ. लेसर केलं आणि दोन महिन्यांत नजर गेली.”

“लेसरला गेले, त्या दिवशी त्यांना किती दिसत होतं?”

ते बराच वेळ गप्प राहिले. “हाताची बोटं दिसायची फक्त. रक्त उतरलं होतं ना.” मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “म्हणजे तो उशिरा गेला.”

हे वाक्य मी त्यांना सांगितले असते तर त्यांनी ते वादात उडवून लावले असते. स्वतःच्या तोंडून आल्यामुळे ते टिकले. भावाच्या अंधत्वाचा दोष त्यांनी आजवर लेसरला दिला होता, कारण डोळ्यांसमोर घडलेली शेवटची गोष्ट तीच होती. गेलेली नजर परत आणणे हे या लेसरचे काम नव्हे. आहे ती टिकवणे हेच त्याचे काम आहे, म्हणून ते नजर चांगली असताना केलेलेच बरे. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ मध्येच दाखवून दिले की, अशा धोक्याच्या डोळ्यांत लेसरमुळे दृष्टी गंभीरपणे जाण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते.

त्यांच्या पडद्याच्या मध्यभागाशी थोडी सूज होती आणि लेसरने ती वाढू शकते, म्हणून डॉक्टरांनी आधी नव्या वाहिन्या वाढवणारे ते रसायन रोखणारे इंजेक्शन दिले. थेंबांनी डोळा बधिर करतात, जंतुनाशक औषध घालतात, पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात आणि बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेतीन ते चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून औषध सोडतात. सुई पुढून येताना दिसत नाही. दाब जाणवतो, आणि नंतरची जळजळ बहुधा जंतुनाशकाची असते. पांढऱ्या भागावर लाल डाग उमटतो, तो आपोआप जातो. मात्र पुढच्या काही दिवसांत वेदना आणि लाली वाढत जाऊन दिसणे कमी झाले, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

नंतर पडद्याच्या बाहेरच्या भागावर एका डोळ्याला सुमारे दीड हजार लेसरचे ठिपके दोन-तीन बैठकांत दिले गेले. प्रखर प्रकाश चमकतो, काही ठिपके कळ आणतात आणि त्या दिवशी धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी असावे. ते रसायन कमी सुटावे म्हणून पडद्याचा थोडा भाग मुद्दाम जाळतात, त्यामुळे अंधारात आणि कडेचे दिसणे काहीसे कमी होऊ शकते. हे मी आधीच सांगते, कारण नंतर कळले की माणूस फसवल्यासारखा होतो आणि पुढची बैठक टाळतो.

“मग नुसती इंजेक्शनंच का नाही?” काकांनी विचारले. नुसत्या इंजेक्शनांवरही अनेक डोळे सांभाळता येतात, आणि नजर उत्तम असलेल्या काहींची मध्यभागाची सूज इंजेक्शनाविना नुसत्या देखरेखीवरही ठेवता येते. पण औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो, सुरुवातीला दर महिन्याला यावे लागते, आणि मध्येच येणे सुटले तर वाहिन्या पुन्हा जोर धरतात. लग्नसराईत दुकान बंद ठेवता येत नाही, हे काकांनीच कबूल केले होते. डॉक्टरांनी लेसरचा भर ठेवला तो याच कारणाने, आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख काकांनी लग्नाच्या शिलाईआधीची मागून घेतली.