दाव्याच्या फोटोला हात लावू नका

आपण विचारले आहे की, गाडीच्या बंपरच्या विमा दाव्यासोबत दारावरचा जुना ओरखडा फोटोत थोडा गडद केला तर चालेल का. चालणार नाही. विमा हा परस्पर विश्वासाचा करार असल्यामुळे, रक्कम वाढावी म्हणून फोटोत नुकसान वाढवून दाखवणे ही फसवणूकच ठरते. मग त्या ओरखड्यापुरतीच नव्हे, तर बंपरची खरी भरपाईही नाकारली जाऊ शकते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते.

नवखे लोक उलटी चूकही करतात. पॉलिसी खंडित झाल्यावर नव्याने घेताना गाडीची तपासणी होते, तेव्हा फोटोतून जुना पोचा पुसून टाकतात. पुढे दावा आला की नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर त्याच जागी बोट फिरवतो. पत्र्यावर तांबूस गंज आणि खाचेत बसलेली धूळ दिसली, की कालचा अपघात कालचा राहत नाही.

फोटोतली खाडाखोड तो आधी प्रकाशावरून ओळखतो. खरा पोचा दारावर पडलेले खांबाचे प्रतिबिंब वाकवतो. रंगवलेल्या पोच्यावर ते सरळच राहते. मग तो धडकेची उंची मोजतो: दुचाकीच्या हँडलने पडलेला ओरखडा चाकाजवळ कसा असेल?

म्हणून दुरुस्तीपूर्वी, नंबरप्लेटसह, दुरून आणि जवळून मूळ फोटो काढा. जुना ओरखडा दिसू द्या आणि तो जुना आहे, असे दाव्यात लिहा.