नफा वाढला, तरी शेअर का पडला?

"सर, मी निपाणीकडचा ऊस शेतकरी. कारखान्याच्या बिलातून एका साखर कंपनीचे ४०० शेअर १६८ रुपयांनी घेतले. आता कंपनीचा नफा वाढला म्हणून बातमी आली आणि भाव आठवड्याभरात १३२ वर आला. मित्र म्हणतात, आणखी ४०० घे, सरासरी खाली येईल. जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी भरायची आहे. घेऊ काय?"

दादा, नमस्कार. आणखी घेऊ नका. आणि हातात आहेत ते घाबरून विकूही नका. असं का सांगतो, ते जरा सावकाश बोलतो, कारण बेळगाव, खानापूर, चिक्कोडी भागातून असेच प्रश्न बरेच येतात.

शेअरचा भाव कंपनी ठरवत नाही, सरकारही नाही. गुळाच्या सौद्यात शेवटची बोली लागते आणि तोच त्या मालाचा भाव होतो, तसंच इथं आहे. कुणी १३२ ला घ्यायला तयार, कुणी १३२ ला द्यायला तयार, की व्यवहार होतो आणि स्क्रीनवर १३२ दिसतं. विकणारे जास्त झाले, तर त्यांना खालच्या बोलीला माल द्यावा लागतो आणि भाव उतरतो. एवढंच घडतं. खरा प्रश्न पुढचा आहे: नफा वाढला असताना विकणारे जास्त का झाले?

कारण घेणारा माणूस झालेल्या नफ्याला पैसे देत नसतो, पुढं होणाऱ्या नफ्याच्या अंदाजाला देतो. समजण्यासाठी आकडे धरू. गेल्या वर्षी कंपनीनं शेअरमागं १० रुपये कमावले. यंदा १४ होतील अशी बाजाराची आशा होती आणि लोक त्याच्या १२ पट द्यायला तयार होते. चौदा बारे १६८. तुम्ही घेतलात तो भाव हाच. निकाल आला तेव्हा नफा निघाला ११. वाढला खरा, पण १४ झाला नाही. लोक अजूनही १२ पटच देतात म्हटलं, तरी अकरा बारे १३२. नफा दहा टक्के वाढला आणि भाव वीस टक्क्यांहून जास्त पडला. कुणी फसवलं नाही, आशा उतरली.

साखरेत ही आशा एका कागदानं उतरते. ७ डिसेंबर २०२३ आठवा. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकात पाऊस कमी झाला होता, साखर कमी पडेल अशी भीती होती. म्हणून केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका, असा आदेश कारखान्यांना काढला. शिवारातला ऊस तोच होता, गाळप चालूच होतं. तरी त्या दिवशी साखर कंपन्यांचे शेअर धडाधड पडले, कारण इथेनॉलच्या पैशाचा हिशोब भावात आधीच धरलेला होता. आठवड्याभरानं १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत इथेनॉल करायला थोडी सवलत मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी बंदी उठली. भाव असा आदेशागणिक हलतो.

दादा, माझी खरी काळजी इथं आहे. पाऊस कमी झाला तर तुमच्या उसाचं वजन घटणार आणि त्याच वर्षी कंपनीचा नफाही घटणार. शेतही उसाचं आणि शेअरही उसाचा, म्हणजे दोन्ही पैसे एकाच ढगावर अवलंबून. बेंगळुरूच्या पगारदार माणसानं हा शेअर घेतला असता, तर मी इतकं अडवलं नसतं.

सरासरीचं म्हणाल, तर आणखी ४०० शेअर म्हणजे ५२,८०० रुपये. सरासरी १५० होईल हे खरं, पण त्यानं कंपनीचा नफा एक रुपयानंही वाढत नाही. एकाच शेअरमध्ये तुमचे १ लाख २० हजार मात्र अडकतील. जूनला भाव १२० असेल, तर फीसाठी तोट्यात विकावं लागेल. फीचे पैसे बँकेत किंवा पोस्टात मुदतीनं ठेवा, मुदत मेअखेर संपेल अशी बघा. त्याच्यावर उरेल ते, पाच-सात वर्षं लागणार नसेल तर, अनेक धंद्यांत पैसे घालणाऱ्या इंडेक्स फंडात महिन्याला थोडं थोडं घाला.

आणि हे ४०० ठेवायचे का, ते निकालावरून ठरवा, स्क्रीनवरून नको. तिमाही संपल्यावर साधारण ४५ दिवसांत निकाल येतो. साखर कंपनीचा आकडा मागच्या तिमाहीशी ताडू नका, कारण गाळप नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतच चालतं आणि पावसाळ्याची तिमाही पडकीच असते. गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडा, शेजारी कर्जाचा आकडा वाढलाय काय ते बघा. नफा घटतोय आणि कर्ज चढतंय असं सलग दिसलं, तर १६८ परत येण्याची वाट न बघता विका.