‘दिवस तिसरा, पाच बाकी’

प्रश्न: फिरायला गेलो की फोटो टाकावेसे वाटतात, पण घर बंद आहे हे लोकांना कळू नये. कॅप्शन नेमकं कसं लिहावं?

परत आल्यावर लिहा, ‘होतो’ लिहा, ‘आहोत’ लिहू नका. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबा. पुढचं मी माझ्या दिरांसाठी लिहितेय असं समजा.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातलं जुनं घर. दिवाळीत इकडे काय होतं ते गुजरातेत राहणाऱ्याला सांगायला नको. लाभपाचमेपर्यंत दुकानं बंद आणि अर्धं गाव बाहेरगावी. आम्हीही त्या वर्षी भाऊबिजेच्या रविवारी, ओवाळणं उरकून गणपतीपुळ्याला निघालो. सासूसासरे, आम्ही, भाऊजींचं कुटुंब, मिळून नऊ माणसं. घरात मागे कोणी म्हणजे कोणी नाही.

मंगळवारी भाऊजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकला. सगळे समुद्रात पाय बुडवून उभे, आणि खाली: ‘अख्खं घर पुळ्यात! दिवस तिसरा, पाच बाकी. आता फोनला सुट्टी.’

बुधवारी दुपारी भाऊजींचा फोन वाजला. आमचा नळाचं काम करणारा माणूस. दिवाळीआधी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलायचा राहून गेला होता. म्हणाला, “साहेब, रविवारी परत येताय ना, मग सोमवारी सकाळी येतो.” त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिसरा दिवस मंगळवारी, म्हणजे आठवा रविवारी. बोटांवर मोजलंन् आणि कळलं. माणूस सरळ, कामाचा. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्याच कारणाने.

मी भाऊजींचा फोन मागून घेतला. स्टेटसखालच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं की कोणी कोणी पाहिलं त्याची यादी येते. एकशे बेचाळीस जण. मावश्या, आत्या, बँकेतले लोक, ते ठीक. मधेमधे मात्र अशी नावं: ‘नळवाला मांडवी’, ‘पेंटर दोन नंबर’, ‘गॅस शेगडी’, ‘टेंपो सामान’, ‘घर बघायला आलेला दलाल’. दलाल! वाडा विकायचा विचार दोन वर्षांपूर्वी झाला होता आणि मोडलाही होता. त्या माणसाने आमचं घर कोनाड्यांसकट पाहिलेलं, मागचं दार कुठे उघडतं तेसुद्धा.

लोकांना वाटतं, स्टेटस म्हणजे घरच्यांसाठी. तो त्या सगळ्यांना जातो ज्यांचा नंबर तुम्ही साठवलाय आणि ज्यांनी तुमचा साठवलाय. दोन्ही बाजूंनी नंबर लागतो, एवढीच अट. आता बघा, आपण नंबर कोणाचे साठवतो? घरात येऊन काम करून जाणाऱ्यांचे. तेही आपला साठवतात, पुढच्या कामासाठी. म्हणजे ज्यांना पत्ता, दरवाजे आणि माणसांची संख्या माहीत आहे, नेमके तेच.

भाऊजींचं म्हणणं तेव्हापासून एकच: “वहिनी, काही गेलं का?” नाही गेलं. पण समोरच्या बेनकडे किल्ली होती आणि त्या रोज संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर पणती लावून चार बोटं रांगोळी काढत होत्या, म्हणून नाही गेलं असं माझं मत. दिवाळीत ज्या दाराशी पणती नाही, त्याला कॅप्शनची गरजच नसते.

तर कॅप्शन. भाऊजींच्या त्या दोन ओळींत तीन गोष्टी होत्या: सगळे गेलेत, कधी येणार, आणि तोवर फोन उचलणार नाही. तीनही गोष्टींत पुळ्याची आठवण कुठे आहे? मी तो स्टेटस काढायला लावला आणि परतल्यावर तोच फोटो असा टाकला: ‘पुळ्याच्या लाटेने बाबांची एक चप्पल नेली. दुसरी त्यांनी रागाने स्वतःच समुद्राला देऊन टाकली आणि मोदक अनवाणी खाल्ले.’ माणसं हसली, आत्याने तिच्या पुळ्याच्या गोष्टी लिहिल्या, आणि आम्ही किती जण होतो, किती दिवस होतो, हे कोणी विचारलंही नाही.

चप्पल, मोदक, बाबांचा राग, हे लिहा. आकडे आणि ‘सगळे’, ‘अख्खं’, ‘शेवटी एकदाचे निघालो’, ‘घराची आठवण येतेय’ हे गाळा. ‘आज’, ‘आत्ता’, ‘उद्या इथून पुढे’ हेही. ‘घरीच आहोत’ असं खोटं लिहू नका, शेजारची पोरं लगेच उघडं पाडतात.

तिथूनच टाकायचं असेल, आणि काहींना राहवत नाही हे मी घरात बघते, तर स्टेटसच्या प्रायव्हसीत ‘Only share with…’ आहे. पंधरा-वीस नावं निवडा. मात्र हे टाकायच्या आधी करायचं. आधी टाकलेल्या स्टेटसला ते लागू होत नाही. तो काढून पुन्हा टाकावा लागतो.

एक आणखी. गाडीत बसल्या बसल्या तिकिटाचा फोटो टाकायची खोड भाऊजींना आहे, त्या वेळी परतीच्याही तिकिटाचा टाकला होता. दहा आकडी पीएनआर असला की रेल्वेच्या चौकशीत गाडी, तारीख, स्टेशनं, बर्थ सगळं दिसतं. कॅप्शनमध्ये कितीही शहाणपणा केला तरी तिकिटावर छापलेलंच असतं.

आणि फोटोच्या पोटात जागेची माहिती असते म्हणून घाबरणारे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. लॉजचा बोर्ड मागे दिसत असेल तर तीही भानगड नको, बोर्ड वाचता येतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं. तुम्ही कितीही जपून लिहा, फोटो ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकला की खाली आत्या विचारणार, ‘कधी परत? कुलूप नीट लावलंत ना?’ आणि पोरगी ‘रविवारी रात्री!’ असं उत्तर देणार. निघायच्या आधी घरातल्या पोरांना आणि एकेका आत्याला फोन करून सांगा. आमच्याकडे हे काम माझ्याकडे आहे आणि त्याबद्दल माझी बरीच थट्टा होते.

गेल्या मे महिन्यात भाऊजी माथेरानला जाऊन आले. फोटो चार दिवसांनी आले, मागे लॉज नाही, तिकीट नाही. खाली लिहिलं होतं: ‘माकडाने मुलीचं मक्याचं कणीस पळवलं आणि झाडावर बसून आमच्याकडे बघत खाल्लं. वहिनींच्या परवानगीने.’