10 तारखेला नको, 13 तारखेला घ्या. पण आधी जुनं बिल फेडा

"सर, मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. घरची शेती आहे. पीककर्जाचं नूतनीकरण अडकलंय, म्हणून बियाणं-खताचे 40,000 रुपये 10 जूनला क्रेडिट कार्डवर घ्यायचा विचार आहे. घरातला हरभरा विकून 20 जुलैपर्यंत पैसे येतील. कृषी केंद्रवाले म्हणतात, कार्डाला 50 दिवस व्याज नसतं. माझं स्टेटमेंट 12 तारखेला येतं, भरायची मुदत त्यानंतर 20 दिवस. मागच्या 18,000 च्या बिलापैकी 2,000 किमान रक्कम भरली आहे. बचत खात्यात 20,000 आहेत. घेऊ का?"

ताई, आजच्या स्थितीत घेऊ नका. दोन गोष्टी बदलल्या तर बिनधास्त घ्या.

पहिली गोष्ट तारखेची. 50 दिवस हा जास्तीत जास्त आकडा आहे, तो प्रत्येक खरेदीला मिळत नाही. खरेदीपासून स्टेटमेंटच्या तारखेपर्यंतचे दिवस आणि पुढचे भरण्याचे 20 दिवस, एवढीच तुमची सवलत. 10 जूनची खरेदी 12 जूनच्या स्टेटमेंटमध्ये येईल आणि 2 जुलैला पैसे भरावे लागतील. म्हणजे हातात 22 दिवस, आणि हरभऱ्याचे पैसे तर 20 जुलैला. तीच खरेदी 13 जूनला केली तर ती 12 जुलैच्या स्टेटमेंटमध्ये जाईल आणि भरायची तारीख 1 ऑगस्ट होईल. पूर्ण 49 दिवस. तीन दिवस थांबून महिनाभराची सवड मिळते.

पेरणीचंही यात नुकसान नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो, आणि आपल्याकडे मान्सून साधारण जूनच्या मध्याला पोचतो. हव्या वाणाच्या पिशव्या संपतील अशी धास्ती असेल, तर दुकानदाराला आधी सांगून ठेवा, कार्ड 13 तारखेला स्वाइप करा. कार्डाने घेतल्यास दर वाढवणार का, तेही तेव्हाच विचारा. 2 टक्के वाढवले तरी 800 रुपये झाले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि याच ठिकाणी माझ्याकडे येणारे बहुतेक जण फसलेले असतात. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर बिनव्याजी मुदत राहतच नाही. तुमचे 16,000 बाकी आहेत, त्यामुळे नव्या 40,000 वर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज धावू लागेल, मग खरेदी 10 ची असो की 13 ची. अनेक कार्डांवर दर महिना 3.5 टक्के असतो, म्हणजे वर्षाला 42. 40,000 वर दिवसाला सुमारे 46 रुपये. 10 जून ते 20 जुलै हे 40 दिवस धरले तर 1,841 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून साधारण 2,170. जुन्या बाकीचं व्याज वेगळंच.

स्टेटमेंट उघडून बघा. Total Amount Due आणि Minimum Amount Due असे दोन आकडे शेजारी-शेजारी असतात. दुसरा भरला की विलंब शुल्क टळतं, व्याज नाही.

म्हणून बचत खात्यातून 16,000 आजच कार्डावर भरा. बचत खात्यावरच्या किरकोळ व्याजासाठी 42 टक्क्यांचं कर्ज अंगावर ठेवण्यात अर्थ नाही. पेरणीच्या मजुरीला पैसे कमी पडतील, तर एक-दोन क्विंटल हरभरा आत्ताच बाजार समितीत नेऊन विका. कार्डावरून एटीएममधून नगदी मात्र काढू नका. त्याला बिनव्याजी एकही दिवस मिळत नाही, शिवाय वेगळं शुल्क लागतं.

16,000 भरल्यावरही 12 जूनच्या स्टेटमेंटमध्ये आधीच्या दिवसांचं थोडं व्याज लागून येईल. ती रक्कम आली त्याच दिवशी पूर्ण भरा. मग 13 ला दुकानात जाण्याआधी बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून नेमकं विचारा: "आजच्या खरेदीला बिनव्याजी मुदत लागू आहे का?" मुदत पुन्हा केव्हा सुरू होते, याचे नियम बँकेगणिक वेगळे असतात. "नाही" म्हणाले, तर कार्ड बाजूला ठेवा आणि तेवढा हरभरा विकून बियाणं घ्या.

सगळं जुळलं तर 20 जुलैला हरभऱ्याचे पैसे येताच 12 जुलैच्या स्टेटमेंटचा पूर्ण आकडा भरून टाका, 1 ऑगस्टची वाट बघू नका. मुदतीनंतर तीन दिवस विलंब शुल्क लावू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो विलंब शुल्कापुरताच, त्याने व्याज वाचत नाही. स्टेटमेंटची तारीख किमान एकदा बदलून घ्यायचा हक्कही त्याच नियमांत आहे. पगार 1 तारखेच्या पुढेमागे होत असेल, तर पेरणी आटोपल्यावर तसा अर्ज करा.

पीककर्जाचा पाठपुरावा सोडू नका. 3 लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर राज्याच्या सवलतीमुळे त्याचं व्याज शून्यावर येतं, आणि पऱ्हाटी घरी येईपर्यंत थांबणारं कर्ज तेच आहे. कार्डाचे 49 दिवस तुमच्या कामी येतात ते फक्त घरात विकण्याजोगा हरभरा आहे म्हणून.