बिकॉज की बिकॉज ऑफ? आणि ऑल्दोसोबत बट का चालत नाही?

'बिकॉज' आणि 'बिकॉज ऑफ' यांत नेमका फरक काय? आणि 'ऑल्दो… बट' लिहिलं की चूक का धरतात?

पुढे काय येतंय ते बघा. कर्ता आणि क्रियापद आलं तर नुसतं बिकॉज: 'वी वेअर लेट बिकॉज इट रेन्ड.' फक्त नाम आलं तर बिकॉज ऑफ: 'वी वेअर लेट बिकॉज ऑफ द रेन.' मराठीतल्या '-मुळे'वर मात्र विसंबू नका. 'पावसामुळे'ला ऑफ लागतं, पण 'पाऊस जोराचा असल्यामुळे'चं 'बिकॉज ऑफ द रेन वॉज हेवी' करून लोक फसतात. तिथे 'वॉज' आलंय, म्हणजे ऑफ काढायचं.

दुसरी चूक सरळ आपल्या 'जरी… तरी'तून येते. मराठीला ती जोडी शोभते. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच शब्द पुरतो. 'ऑल्दो इट रेन्ड, बट वी वेन्ट' यातला कुठलाही एक काढा: 'ऑल्दो इट रेन्ड, वी वेन्ट' किंवा 'इट रेन्ड, बट वी वेन्ट'. 'तरी' म्हटल्याशिवाय चैनच पडत नसेल तर 'वी स्टिल वेन्ट' म्हणा. स्टिल हे क्रियाविशेषण आहे, वाक्यं जोडत नाही, म्हणून ऑल्दोसोबत खुशाल चालतं.