रोज सकाळी नऊचा मेल आणि रियाधचं मौन

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. झाली आणि जानेवारीपासून नाशिकला द्राक्ष निर्यात करणाऱ्या कंपनीत ट्रेनी आहे. तिच्याकडे रियाध आणि दुबईचा पत्रव्यवहार आहे. रमजान लागल्यापासून रियाधचा व्यापारी उत्तरच देत नाही. मी रोज सकाळी नऊला तिला समोर बसवून स्मरणपत्र लिहून घेतो. महिनाभर ती माणसं कामच करत नसतील तर हे क्षेत्र सोडून तिनं बँकेची परीक्षा द्यावी का? – एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रात मला व्यापाऱ्यापेक्षा तुमची जास्त काळजी वाटली. नोकरी तिची, गिऱ्हाईक तिच्या कंपनीचं आणि मेल तुम्ही लिहून घेताय? तिच्या साहेबांना हे कळलं तर प्रोबेशन व्यापाऱ्याच्या मौनामुळे नाही, तुमच्यामुळे धोक्यात येईल. कंपनीचे भाव आणि कागद घरच्यांनी पाहायचे नसतात. उद्यापासून त्या खुर्चीशेजारून उठा. बँकेची परीक्षा तिला मनापासून द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण एका मेलला उत्तर आलं नाही म्हणून नव्हे.

‘ती माणसं महिनाभर काम करत नाहीत’ हा समज आधी काढून टाका. काम चालू असतं, त्याची वेळ सरकते. सौदीत रोजा ठेवणाऱ्या मुस्लिम कर्मचाऱ्याला कायद्यानं दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. अमिरातीत खासगी नोकरीचे तास दोनानं कमी होतात आणि तेही सगळ्यांचे, रोजा असो वा नसो. शिवाय फळांच्या व्यापाऱ्याला हा महिना धावपळीचा असतो, कारण इफ्तारच्या ताटात फळं लागतातच. तुमची मुलगी ज्याला लिहिते तो टेबलावरचा माणूस कदाचित केरळचाही असेल. पण भाव ठरवणारा मालक मात्र रात्रीची नमाज उरकल्यावर जागा असतो.

आता तुमचे नऊ घ्या. रियाधचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे तिथे साडेसहा. सेहरी आणि पहाटेची नमाज आटोपून माणूस नुकता आडवा झालेला असतो. ऑफिस बहुधा दहाच्या सुमारास भरतं, तोवर तुमचं स्मरणपत्र बाकीच्या मेलखाली गाडलं जातं. तिनं आपल्याकडच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान लिहावं. संध्याकाळी साडेसातनंतर नको, तेव्हा तिकडे इफ्तारची घाई असते. व्हॉट्सॲपवर उत्तर आपल्या मध्यरात्री येऊ शकतं; ते सकाळी वाचलं तरी चालतं. आणि गुरुवारी आपल्या दुपारी पाचनंतर पाठवलेलं पत्र रियाधमध्ये रविवारीच उघडलं जाईल, कारण तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. दुबईत सुट्टी शनिवार-रविवार, शुक्रवारीही काम लवकर आटोपतं. दोन्हीकडे एकाच वेळी विचारायचं असेल तर सोमवार ते गुरुवार एवढंच हातात उरतं.

शुभेच्छा महिन्याच्या पहिल्या पत्रात एकदाच, सुरुवातीला : ‘रमदान मुबारक, तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना.’ ‘रमदान करीम’ही सर्रास चालतं, पण काही धर्मनिष्ठ लोकांना ते खटकतं, म्हणून सौदीला पहिलंच बरं. समोरून ‘रमदान करीम’ आलं तर ‘अल्लाहु अकरम’ म्हणतात. प्रत्येक स्मरणपत्रावर शुभेच्छा चिकटवल्या की त्या थकबाकीच्या चिठ्ठीसारख्या दिसतात. आणि अरबी बोलणारा प्रत्येक जण मुस्लिम नसतो. लेबनॉन किंवा इजिप्तमधला ख्रिस्ती गृहस्थही असू शकतो. खात्री नसेल तर साधं ‘आपण कुशल असाल’ पुरे.

पत्र लहान असावं आणि त्यात प्रश्न एकच असावा. उदाहरणार्थ : ‘पुढच्या कंटेनरच्या पेट्यांवर जुनं लेबल चालेल की नवं? बुधवारी तुमच्याकडच्या दुपारी दोनपर्यंत कळवाल का? त्यानंतर पॅकिंग सुरू होईल.’ उपाशीपोटी, कमी झोपेत बसलेला माणूस याला एका ओळीत उत्तर देईल. भाव, पैसे आणि लेबल तिन्ही एकत्र विचारलं की मेल ‘नंतर बघू’मध्ये जातो. भाव आणि पैशांचा निकाल शेवटच्या दहा दिवसांआधी लावून घ्यायला सांगा. त्या रात्री कित्येक जण जागून प्रार्थना करतात, बरेच उमऱ्यासाठी मक्केला जातात.

ईदची तारीख आपल्या कॅलेंडरवरून ठरवू नये. 2025 मध्ये सौदीत ईद 30 मार्चला झाली, आपल्याकडे 31 मार्चला. महिना एकोणतीस दिवसांचा की तीसचा, हे चंद्रदर्शनाच्या घोषणेवर ठरतं. ती झाल्यावरच ‘ईद मुबारक’. मग सौदीत खासगी कंपन्यांना चार दिवस सुट्टी असते. त्या दिवसांत फक्त शुभेच्छा पाठवाव्यात, लेबलाचा प्रश्न ऑफिस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि तो तिनं स्वतः लिहावा.